एकाच नावाचे दोन व्यंकटेश : दत्तकाचे नवे नाव आणि वंशावळीचा माग

चिकोडी तालुक्यातील एका कुलकर्णी घराण्याचे हे प्रकरण आहे. घराणे आणि त्यातील व्यक्ती नमुन्यादाखल उभ्या केल्या आहेत, कारण खऱ्या दप्तरातील नावे अशा लेखात घालणे योग्य नव्हे. मात्र नोंदींची रीत, त्यातल्या अडचणी आणि कायद्याची स्थिती बेळगाव, चिकोडी, खानापूर या भागात प्रत्यक्ष जशी असते तशीच ठेवली आहे. प्रश्न साधा दिसतो. एका सर्व्हे नंबरच्या उताऱ्यावर आजही 'व्यंकटेश रामचंद्र' असे नाव आहे. त्यांचे नातू वारसा लावण्यासाठी अर्ज करतात आणि नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयातून, वंशवृक्षाची मागणी होते. इतक्यात भाऊबंदांपैकी एक शाखा तक्रार दाखल करते की उताऱ्यावरचे व्यंकटेश रामचंद्र हे अर्जदारांचे आजोबा नसून त्याच नावाचे मूळपुरुष आहेत, त्यामुळे जमीन त्यांच्या दोन्ही मुलांच्या वंशात अर्धी अर्धी वाटली पाहिजे.

तक्रारीत तथ्य वाटावे अशीच घराण्याची नावे आहेत. थोरले व्यंकटेश रामचंद्र १८९७ साली वारले. त्यांना दोन मुलगे होते, रामचंद्र आणि कृष्णाजी. दोघे १९०४ साली नोंदणीकृत वाटणीपत्राने विभक्त झाले. रामचंद्र १९११ साली निपुत्रिक वारले. त्यांची विधवा लक्ष्मीबाई हिने १९२३ साली शहापूरच्या चुलत भाऊबंदांतील गोविंद यांचा नऊ वर्षांचा मुलगा नारायण दत्तक घेतला आणि त्याचे नाव व्यंकटेश ठेवले. नारायण गोविंद हा त्या दिवसापासून व्यंकटेश रामचंद्र झाला, म्हणजे दत्तक आजोबांचे पूर्ण नाव त्याला अक्षरशः जसेच्या तसे मिळाले. आडनाव एक, गोत्र एक, गाव एक. दोघांमध्ये दोन पिढ्यांचे अंतर आहे, एवढाच काय तो फरक.

यात अपघात काही नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे आणि ती पाळणाऱ्या घरात दोन नावे आलटून पालटून पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पोटचा मुलगा असता तर त्यालाही व्यंकटेशच म्हटले असते. दत्तकाच्या बाबतीत तर हे नाव ठेवण्यामागे खुंटलेला वंश पुन्हा चालू झाला हे सांगण्याचा स्पष्ट हेतू असे. राजघराण्यांत हेच मोठ्या प्रमाणावर दिसते. निपाणीच्या पलीकडे कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. त्यापूर्वी पाटणकरांचे नागोजीराव त्याच गादीवर राजाराम झाले होते. झाशीचा आनंदराव दत्तविधानानंतर दामोदरराव झाला. गादीवरच्या पुरुषांना इतिहासकार दुसरा, तिसरा असे क्रमांक लावतात, म्हणून तिथे गोंधळ आटोक्यात राहतो. कुलकर्ण्यांना क्रमांक कोण लावणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवली पाहिजे. नवे नाव हा दत्तविधानाचा रूढ भाग असला तरी त्याचा कायदेशीर घटक नव्हे. दत्तक सिद्ध होते ते जन्मदात्याने देण्याने आणि दत्तक घेणाऱ्याने स्वीकारण्याने. दत्तहोमही सगोत्र दत्तकात अनिवार्य मानला जात नसे. म्हणून नाव बदलले नाही म्हणून दत्तक रद्द ठरत नाही आणि नाव बदलले एवढ्यावरून दत्तक सिद्धही होत नाही. बापाचे नाव बदलणे ही गोष्ट वेगळी. ती दत्तकाचा परिणाम आहे. आपल्याकडे स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे चालतात. परक्या घरातून आलेल्या दत्तकाची तिन्ही पदे बदलतात आणि आडनाव बदलल्यामुळे पुढच्या संशोधकाला निदान शंका तरी येते. सगोत्र भाऊबंदांतून आलेल्या दत्तकाचे आडनाव तेच राहते, त्यामुळे उताऱ्यावर कुठेही सांधा दिसत नाही. हा प्रकार सर्वांत अवघड.

माग काढण्याची सुरुवात अर्थातच सध्याच्या उताऱ्यापासून झाली. कन्नड उताऱ्यावर धारकाच्या नावापुढे फेरफाराचा, म्हणजे बोलीत डायरीचा, नंबर असतो. तो धरून एकेक पायरी मागे जाता येते. या जमिनीचा नंबर १९५० च्या दशकातील पुनर्प्रदानाच्या नोंदीपाशी पोहोचला. मुंबई राज्याच्या १९५० च्या परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणाऱ्या कायद्याने वतनी जमिनी १ मे १९५१ पासून सरकारजमा झाल्या आणि कब्जाहक्काची रक्कम भरून घेऊन त्या पूर्वीच्या धारकांनाच परत देण्यात आल्या. त्या नोंदीत धारकाचे नाव फक्त 'व्यंकटेश रामचंद्र कुलकर्णी' असे आहे. दत्तक हा शब्द तिथे नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. तोपर्यंत दत्तकाला जवळजवळ तीस वर्षे होऊन गेली होती आणि गावात त्याबद्दल कोणाला शंका नव्हती. तक्रारदारांनी नेमका याच नोंदीचा आधार घेतला. वतन थोरल्या व्यंकटेशरावांचे होते, १८६३ च्या दुसऱ्या कायद्यानंतर मिळालेल्या सनदेवर त्यांचे नाव आहे, वतन रजिस्टरातही तेच नाव आहे, तेव्हा पुनर्प्रदान त्याच वतनाचे आणि त्याच नावाने झाले, असा त्यांचा युक्तिवाद होता.

वरवर पाहता तो भक्कम आहे. तो तुटतो तो आधी तारखेवर: १८९७ साली वारलेला माणूस १९५० च्या दशकात रक्कम भरू शकत नाही. पण तेवढ्याने काम भागत नाही, कारण मयताच्या नावे नोंद चालू राहण्याची उदाहरणे प्रत्येक गावच्या दप्तरात सापडतात आणि तक्रारदारांचे म्हणणे तेच होते. तेव्हा धाकटे व्यंकटेश ही वेगळी व्यक्ती होती, ती या घरात दत्तकाने आली आणि या जमिनीवर तिचे नाव १९५० च्या आधीच लागले होते, या तिन्ही गोष्टी कागदावर दाखवणे भाग होते.

हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली, त्यामुळे या जमिनीचे फेरफार १९११ च्या मृत्यूपासून मिळाले. ते मोडीत आहेत. पहिल्या नोंदीत रामचंद्र व्यंकटेश मयत झाल्याची वर्दी असून विधवा 'लक्ष्मीबाई कोम रामचंद्र' हिचे नाव लागले आहे. दुसरी नोंद १९२४ ची आहे. तिच्यातला मजकूर प्रकरणाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. तो असा : 'लक्ष्मीबाई हिने दत्तक घेतल्याची वर्दी दिल्यावरून नाव दाखल : व्यंकटेश दत्तक बाप रामचंद्र, अ.पा.क. दत्तक आई लक्ष्मीबाई.' अ.पा.क. म्हणजे अज्ञान, अर्थात अल्पवयीन, मुलाचे पालन करणारी. उताऱ्यावर ही तीन अक्षरे किरकोळ वाटतात, पण वंशावळीच्या कामात त्यांचे मोल मोठे आहे : १८६३ च्या कायद्यानंतर सनद घेऊन १८९७ साली वारलेला माणूस १९२४ साली अज्ञान असू शकत नाही. पुढे मूल सज्ञान झाल्यावर अ.पा.क. कमी करण्याची नोंद झाली आणि त्याच वेळी 'दत्तक बाप' हे शब्दही गळून नुसते 'बाप रामचंद्र' किंवा 'बिन रामचंद्र' राहिले. दत्तकाची खूण पुसली जाते ती बहुधा इथेच, मोडीतून कन्नडात नक्कल होताना नव्हे. नंतरच्या नकलाकाराला दोष देण्याआधी ही पायरी तपासावी.

फेरफाराने दत्तक सांगितले, पण मुलगा कोणाचा ते सांगितले नाही. ते सांगतो तो दत्तकपत्राचा कागद. चांगल्या दत्तकपत्रात देणार आणि घेणार या दोघांची नावे, मुलाचे जन्मनाव, जन्मदात्याचे नाव, वय, विधीची तारीख आणि साक्षीदार असतात, आणि एक वाक्य असे असते की 'सदर मुलाचे नाव आजपासून अमुक असे ठेविले आहे.' जुने आणि नवे नाव एकाच वाक्यात एकत्र येते ते अनेकदा संपूर्ण दप्तरात फक्त या एका ठिकाणी. लक्ष्मीबाईंचे दत्तकपत्र नोंदणीकृत होते, तरी अर्जदारांना ते वर्षभर सापडले नाही. याचे कारण शोधण्याच्या जागेत होते. स्थावर मिळकतीशी संबंधित दस्त नोंदणी कार्यालयात पहिल्या पुस्तकात जातात आणि त्याची सूची कोणालाही पाहता येते. दत्तकपत्रात जमिनीची काही व्यवस्था लावलेली नसेल, केवळ दत्तक घेतल्याचे निवेदन असेल, तर ते चौथ्या पुस्तकात जाते. त्याची नक्कल दस्त करून देणारे, दस्तान्वये हक्क सांगणारे किंवा त्यांचे प्रतिनिधी यांनाच मिळते. अर्जदारांनी जमिनीचा नंबर देऊन पहिल्या पुस्तकाची सूची पाहिली होती आणि काही नाही असे उत्तर घेऊन ते परत आले होते. चौथ्या पुस्तकाच्या सूचीत व्यक्तींच्या नावांनी शोधावे लागते, आणि तिथे लक्ष्मीबाई व गोविंद ही दोन नावे धरली की कागद मिळतो.

याच्याच जोडीला तक्रारदारांनी पतीच्या अनुमतीचा मुद्दा काढला. पती १९११ साली वारला आणि दत्तक १९२३ साली झाले, तर त्याने दत्तक घेण्याचा अधिकार दिल्याचा कागद कुठे आहे? नोंदणी कायद्यानुसार मृत्युपत्राबाहेर दिलेले असे अधिकारपत्र नोंदवावेच लागते, ही गोष्ट खरी आहे. पण मुंबई इलाख्यात विभक्त पतीच्या विधवेला दत्तकासाठी पतीच्या स्पष्ट अनुमतीची गरज नव्हती. मद्रास किंवा बंगालच्या परंपरेत ती गोष्ट वेगळी होती. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे येथील जुन्या दत्तकांना मुंबईचीच रीत लागते. म्हणून १९०४ चे वाटणीपत्र या प्रकरणात दुहेरी कामाचे ठरले : ही जमीन रामचंद्र यांच्या वाट्याला आली हे त्याने दाखवले आणि ते विभक्त होते हेही दाखवले. अनुमतीचा कागद शोधण्यात कोणी वेळ घालवू नये.

बारा वर्षांचे अंतरही तक्रारदारांना खटकत होते, तेही दूर करून टाकू. जुन्या हिंदू कायद्यात विधवेने घेतलेला दत्तक मुलगा मृत पतीच्या मृत्यूच्या दिवसापासूनच त्याचा मुलगा होता असे मानले जाई. २१ डिसेंबर १९५६ रोजी अमलात आलेल्या दत्तक व निर्वाह कायद्याने हे बदलले : दत्तकाचा परिणाम दत्तकाच्या तारखेपासून होतो आणि आधी दुसऱ्याकडे गेलेली मिळकत दत्तकामुळे काढून घेता येत नाही. वंशावळीत म्हणून दत्तकाची तारीख लिहिणे नुसते टापटिपीचे काम नव्हे. त्या एका तारखेवरून कोणता नियम लावायचा ते ठरते.

आता शहापूरकडील बाजू. शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग असला तरी १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते. मूल संस्थानच्या हद्दीत जन्मले आणि ब्रिटिश हद्दीत दत्तक गेले, त्यामुळे जन्माकडचे आणि दत्तकाकडचे दप्तर दोन वेगळ्या राज्यांत तयार झाले आणि जन्माच्या किंवा फेरफाराच्या कोणत्याच रजिस्टरात दुसऱ्याचा उल्लेख नाही. जन्मनोंदीत मुलाचे नावही नव्हते. जुन्या जन्म रजिस्टरात बहुतेक वेळा बापाचे नाव, मूल मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच असते, कारण बारशाआधीच नोंद व्हायची. व्यंकटेश हे नाव घेऊन जन्मनोंद शोधली तर ती कधीच मिळणार नाही. नारायण म्हणूनही मिळणार नाही. गोविंद या बापाच्या नावाने आणि तारखेने शोधली तर मिळते.

तारीख हाच खरा धागा आहे. दत्तकाने नाव, बाप, गाव, कधी कधी आडनाव आणि गोत्रही बदलते, पण जन्मतारीख बदलत नाही. या मुलाची जन्मपत्रिका जन्मदात्या घरी केलेली होती आणि ती दत्तक घरी बरोबर आली. तिच्यावर गोविंदरावांचे नाव होते. चिकोडीच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात 'व्यंकटेश रामचंद्र' या नावापुढे तीच १९१४ ची तारीख आहे, आणि पूर्वीची शाळा म्हणून शहापूरचा उल्लेख आहे. पत्रिका, जन्म रजिस्टर आणि शाळेचे रजिस्टर या तीन कागदांवर एक तारीख आणि दोन नावे आली, तेव्हा दत्तकपत्रातील वाक्याला बाहेरून पुष्टी मिळाली.

यातून एक सामान्य खूणगाठ बांधता येते. दत्तक गेलेल्या माणसाचे एक नाव जन्म घेते पण कधी मरत नाही, आणि दुसरे नाव मरते पण कधी जन्मलेले नसते. जन्मघरच्या कागदांत एखादा मुलगा आठ-दहा वर्षांचा होऊन मृत्यूची नोंद नसताना नाहीसा झाला, आणि त्याच सुमारास भाऊबंदांच्या निपुत्रिक घरात जन्माची नोंद नसलेला अज्ञान वारस उगवला, तर दत्तकाचा कागद शोधायला लागावे. शहापूरच्या घराच्या सिटी सर्व्हे उताऱ्यावर नारायण गोविंद हे नाव इतर भावांबरोबर अजून आहे. एकत्र कुटुंबातील दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघरच्या सामायिक मिळकतीतील हक्क संपतो, तरी नाव कमी करण्याची वर्दी कोणी दिली नाही, म्हणून ते राहिले.

घरच्या कागदांपैकी सर्वांत बोलका निघाला तो १९२३ चा जमाखर्च. वैशाखातल्या एका पानावर 'चि. नारायण यास शहापुराहून आणविले, गाडीभाडे' अशी खर्चाची ओळ आहे. पुढच्याच पानावर 'दत्तविधान खर्च' असा मथळा घालून भिक्षुकांची दक्षिणा, नारळ, जन्मदात्या आईबापांस वस्त्रे असा तपशील मांडला आहे, आणि त्याखाली आठच दिवसांनी 'चि. व्यंकटेश यास अंगरखा' अशी ओळ येते. वही त्याच माणसाच्या हातची, शाई तीच. वाद उत्पन्न होण्याच्या कितीतरी आधी, वादाची कल्पनाही नसताना लिहिलेले असे लिखाण पुराव्यात वजन धरते. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला तर त्याच्या सहीबद्दल आणि हस्ताक्षराबद्दल न्यायालय अनुकूल गृहीतक धरू शकते. अशा वह्या रद्दीत घालणारी घरे पाहिली की खेद होतो.

त्या वहीत पुढे व्यंकटेश हे नावही नाहीसे होते आणि 'चि. अप्पा' सुरू होते. याचे कारण घरात आहे. व्यंकटेश हे लक्ष्मीबाईंच्या सासऱ्याचे नाव. सून ते तोंडाने घेणार कशी? मग ज्या नावासाठी एवढा सोहळा केला ते नाव कागदावर राहिले आणि मुलाला जन्मभर अप्पा म्हटले गेले. वंशावळीसाठी हे हुकमी ठरते. नंतरच्या कर्जरोख्यावर आणि १९३८ च्या एका खरेदीखतावर 'व्यंकटेश ऊर्फ अप्पाराव रामचंद्र' अशी सही आहे, आणि थोरल्या व्यंकटेशरावांना अप्पाराव कोणी म्हटल्याचा एकही कागद नाही. ऊर्फ हा शब्द दिसला की तो गाळून नक्कल करू नये.

तीर्थोपाध्यायांच्या वहीचा आधार घ्यावा असे कोणी सुचवील, आणि तो घेतलाही. नाशिकच्या वहीत धाकट्या व्यंकटेशरावांनी स्वतःच्या हाताने बाप रामचंद्र, आजा व्यंकटेश, पणजा रामचंद्र असे लिहिले आहे. दत्तक मुलगा श्राद्ध दत्तक बापाच्या पितरांचे करतो, म्हणून तिथे जन्मघरचे नाव येत नाही. त्यामुळे या वहीवरून दत्तक कुळ पक्के होते, पण दत्तक झाल्याचे कळत नाही. उलट, ती एकटी पाहिली तर मुलगा पोटचाच वाटतो. या कागदाकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

शेवटी अर्जाबरोबर जोडलेल्या वंशवृक्षात दोन्ही व्यंकटेश स्वतंत्र दाखवले. थोरल्यांपुढे मृत्यू १८९७ लिहिले. धाकट्यांपुढे 'व्यंकटेश ऊर्फ अप्पाराव, जन्मनाव नारायण, जन्मदाता बाप गोविंद, शहापूर, जन्म १९१४, रामचंद्र यांस दत्तक १९२३, दत्तकपत्र चौथे पुस्तक, फेरफार १९२४, मृत्यू १९८८' अशी ओळ लिहिली, आणि रामचंद्र यांच्यापासून त्यांच्यापर्यंतची रेघ तुटक काढून तिच्यावर 'द' घातला. शहापूरच्या शाखेतही नारायणपुढे 'दत्तक गेले' असे लिहून त्या रेघेचा शेवट केला, म्हणजे पुढे कोणी त्या बाजूने शोधू लागले तर त्यालाही वाट मिळेल. वाटणीपत्र, १९११ व १९२४ चे फेरफार, दत्तकपत्राची सही-शिक्क्याची नक्कल आणि शाळेचा दाखला जोडल्यावर, १९५० च्या दशकातील पुनर्प्रदान धाकट्या व्यंकटेश यांच्याच नावे झाले हे मान्य होऊन वारसा नातवांच्या नावे लागला. कृष्णाजींच्या शाखेला दिवाणी न्यायालयात जाण्याची वाट अर्थातच मोकळी आहे, कारण महसुली नोंद हक्क ठरवत नाही. पण १९०४ च्या वाटणीपत्रावर कृष्णाजींचीच सही आहे. शहापूरच्या उताऱ्यावरील नारायण गोविंद यांचे नाव कमी करण्याची वर्दी त्यांच्या भावांच्या वारसांनी द्यायची आहे, आणि तिच्यासोबत जोडायला त्याच दत्तकपत्राची दुसरी नक्कल त्यांना देण्यात आली आहे.